'डू यू नो'नंतरचा 'डज'

"'डू यू नो व्हेअर डज ही लिव्ह' यात काय चुकलं? प्रश्नच आहे ना तो?"

प्रश्न आहे, पण तो 'डू यू नो'मध्येच विचारून झाला. पुढचा भाग 'नो'चं कर्म, त्यामुळे तिथे साध्या विधानाचा क्रम येतो: 'व्हेअर ही लिव्ह्ज'. 'डज' काढला की त्याने उचललेला 'एस' क्रियापदाला परत द्यायचा. तो विसरून 'व्हेअर ही लिव्ह' म्हणणारेही बरेच. गंमत म्हणजे मराठीत 'तो कुठे राहतो' हे तुकडे थेट प्रश्नात आणि 'तुला माहीत आहे का'नंतरही तसेच राहतात. इथे मराठीचं ऐकलं असतं तर कर्ता क्रियापदाआधी येऊन बरोबर ठरलं असतं. नडतो तो घोटून पाठ केलेला 'डज'. मराठी अंगाशी येते ती थेट प्रश्नात: 'व्हाय यू आर लेट?' तिथे 'आर' आधी हवा.