मदत हवी आहे: 'नमस्कार'च्या उत्तरात काय लिहावं?

आमच्या समुपदेशन केंद्रात मेसेजना उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे आहे. कुणी नुसतं 'नमस्कार' पाठवलं, की सध्या ठरलेलं उत्तर जातं: नाव, पुढच्या भेटीची वेळ आणि कशासाठी, हे सगळं पहिल्याच ओळीत. समोरची व्यक्ती बसमध्ये असेल, तर लॉक असलेल्या स्क्रीनवरही मेसेजची सुरुवात दिसू शकते आणि शेजारच्याला ती सहज वाचता येते. प्रिव्ह्यू बंद करणं त्यांच्या हातात, माझ्या नाही. तपशील खालच्या ओळींत ढकलूनही भागत नाही, कारण चॅट उघडल्यावर ते दिसतातच.

म्हणून नवा मसुदा केलाय: "नमस्कार, मेसेज मिळाला. आत्ता इथे लिहिलं तर चालेल का?" 'हो' आल्यावरच पुढचं लिहायचं. नावाने हाक मारली की आपुलकी वाटते हे खरं, पण मला ते नाव गाळलेलंच बरं वाटतं.

दोन ठिकाणी अडलंय. हे उत्तर कोरडं वाटू नये म्हणून काय बदलू? आणि नोटिफिकेशनमध्ये मेसेजच्या वर केंद्राचं पूर्ण नाव झळकतं, त्यात 'समुपदेशन' शब्द आहे. प्रोफाइलला नुसती आद्याक्षरं ठेवली, तर लोक अनोळखी समजून ब्लॉक करतील का? कुणी असा बदल केला असेल तर कृपया सांगा.