अनुभव धागा: शेजाऱ्यांची एकत्र सहल, वेग आणि दिनक्रम कसा ठरवलात?

धागाकर्ती: आम्ही आठ निवृत्त शेजारी, वय ६२ ते ७८. पाच दिवस जायचंय. बैठकीत प्रत्येक जण "मला काहीही चालेल" म्हणतो, आणि तिथे गेल्यावर चालणार नाही हे मला दिसतंय. तुम्ही कसं ठरवलंत?

निवृत्त परिचारिका: सगळ्यांसमोर कुणी गुडघ्याचं किंवा लघवीचं बोलत नाही. मी प्रत्येकाला एकटं गाठून विचारलं: न बसता किती वेळ चालता? कठड्याशिवाय जिना उतरता का? रात्री किती वेळा उठता? जेवण कोणत्या गोळीशी बांधलेलं आहे? या उत्तरांवरच आमचा दिवस ठरला. एकजण वीस मिनिटांवर बसत होते, दोघांना साखरेच्या औषधामुळे साडेबाराला जेवण हवंच होतं. म्हणून नऊला निघायचं, सकाळी एकच ठिकाण, साडेबाराला जेवण, चारपर्यंत आडवं व्हायचं. संध्याकाळ ज्याची त्याची. जायच्या आधी सगळ्यांनी मिळून एक तासाची फेरीही मारली. कोण मागे पडून चपलेचा पट्टा नीट करायचं निमित्त काढतो, ते तिथे कळलं.

एक काका: एवढं कशाला? सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग तोच सगळ्यांचा. आणि प्रवासाच्या दिवशी लघवीची गोळी घ्यायचीच नाही, गाडी थांबवावी लागत नाही.

निवृत्त परिचारिका: काका, गोळीचं असं कुणी करू नका. हृदयाचा त्रास असलेल्याला त्याने पायांवर सूज आणि धाप येऊ शकते. वेळ पुढे-मागे करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. गाडी तशीही दीड-दोन तासांनी थांबवायलाच हवी, पाय लोंबकळत ठेवून बसणं या वयात बरं नाही.

आणखी एक ताई: मी दरवर्षी लेकीकडे जाते तेव्हा नातवंडांच्या शाळेप्रमाणे चालते, कसली अडचण येत नाही.

धागाकर्ती: ताई, तिथे घर एकाच्या वेळेवर चालतं. आमच्याकडे आठ घड्याळं आहेत.

रोज टेकडी चढणारा: काकांचं अर्धं पटतं. एकत्र चालायचं तेव्हा हळू चालणारा पुढे हवा. तो मागे असला की बाकीचे थांबतात, तो पोहोचताच निघतात आणि विश्रांती फक्त त्यालाच मिळत नाही. पण दिवसभर तोच वेग ठेवला तर आमच्यासारखे कंटाळतात. आम्ही पहाटे फिरून नाश्त्याला परत यायचो.

निवृत्त परिचारिका: आमच्यात त्यावरूनच एकजण दुखावल्या. "मला मागे ठेवून गेलात" म्हणाल्या. आधी सांगितलेलं असूनही.

धागाकर्ती: आजपासून एकेकाला भेटते. खोल्यांचं मात्र अडलंय. तळमजल्यावर दोनच खोल्या आहेत, गरज तिघांना, आणि त्यातले एक जोरात घोरतात. कुणी असं सोडवलंय का?