दर बारला इंडिकेटर पुढे सरकवायचा, की दरवेळी अख्खा इतिहास मोजायचा?

नऊपंधरा: दर मिनिटाला 50 शेअर्सचा वर्षभराचा डेटा घेऊन EMA, RSI परत पहिल्यापासून काढणारे लोक बघितले की डोकं फिरतं. मागचा EMA हातात आहे, नवा भाव आला की एका ओळीत पुढचा निघतो! मी परवा अख्खा बॉट तसा केला. सॉकेटवर भाव आला की EMA अपडेट, विषय संपला. एवढंही जमत नाही त्यांनी कोड लिहू नये.

कोथरूडकर: शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलो, नाहीतर पुढे गेलो असतो. तुमची दिशा पटते, मीही तीन वर्षं असंच चालवतो. पण "भाव आला की अपडेट" असं खरंच केलं असेल, तर तुमचा EMA हा EMA राहिलेला नाही.

9 चा EMA घ्या. नव्या भावाचं वजन 0.2. मागचा बार बंद झाला तेव्हा EMA 100 होता आणि चालू मिनिटात भाव 110 ला जाऊन तिथेच थांबला. या मिनिटाचा EMA 102 यायला हवा. तुमच्या कोडमधे पहिल्या टिकला 102 येतो, दुसऱ्याला 103.6, तिसऱ्याला 104.88 आणि दहाव्या टिकला जवळजवळ 109. भाव हललेलाच नाही, तरी EMA त्याच्याकडे धावतो आहे, कारण प्रत्येक टिक तुम्ही नवा बार म्हणून गिळता. ज्या शेअरमधे टिक जास्त, तिथे EMA भावाला चिकटून चालणार. उलाढाल कमी असलेल्या शेअरमधे तो बराचसा बरोबर दिसणार, म्हणून चूक लवकर सापडतही नाही.

बंद बारची आणि चालू बारची वाट वेगळी ठेवा:

```python
class Ema:
    def __init__(self, n, seed):
        self.a = 2 / (n + 1)
        self.v = seed
    def peek(self, x):
        return self.v + self.a * (x - self.v)
    def close(self, x):
        self.v = self.peek(x)
```

टिकवर फक्त `peek`. तो काही साठवत नाही. बार बंद झाला की एकदाच `close`. आणि बाजार संपल्यावर त्याच बंद बारांवर पहिल्यापासून हिशोब करून दोन्ही आकडे शेजारी ठेवा. पैशाच्या पुढे फरक दिसला तर कुठेतरी बार सुटलाय किंवा दोनदा मोजलाय.

जुना खलाशी: असहमत. मुळात मागच्या आकड्याची अशी शिल्लक जपायचीच कशाला? दिवसाचे 375 बार, वर्षाचे साधारण 94,000. एवढ्या ओळींवर EMA काढायला लॅपटॉपला काही मिलिसेकंद लागतात. वेळ जातो तो डेटा आणण्यात. तो एकदा सकाळी आणा, मेमरीत ठेवा, नवा बार खाली जोडा आणि सगळं परत मोजा. कालची चूक आज आपोआप पुसली जाते.

तुमच्या पद्धतीत ती पुसली जात नाही. माझ्याकडच्या एका शेअरचं दर्शनी मूल्य 10 वरून 2 झालं. आदल्या दिवशी बंद भाव 1000, दुसऱ्या दिवशी 200. दैनिक RSI मी असाच पुढे सरकवत होतो. सरासरी वाढ 10, सरासरी घट 8, RSI 55 च्या वर. सकाळी कोडला 800 रुपयांची घट दिसली. 8 ला 13 ने गुणा, त्यात 800 मिळवा, 14 ने भागा: सरासरी घट 64 च्या पुढे आणि RSI साडेबारा! बॉटने 'ओव्हरसोल्ड' म्हणून खरेदी केली. ते 64 साधारण साडेनऊ दिवसांनी निम्मे होतात. महिनाभर तो शेअर हात लावण्यासारखा नव्हता.

कोथरूडकर: वाईट वाटलं. पण यात दोष पद्धतीचा नाही. तुमच्या मेमरीतला इतिहास समायोजित नसता तर पहिल्यापासून मोजूनही साडेबाराच आले असते. तुम्हाला वाचवलं असतं ते डेटा देणाऱ्याने. शिल्लक ठेवणाऱ्याने त्या सकाळी मागचा बंद भाव, सरासरी वाढ आणि सरासरी घट, तिन्ही 5 ने भागायचे. RSI जागचा हलत नाही.

जुना खलाशी: आणि हे 50 शेअर्ससाठी रोज सकाळी कोण लक्षात ठेवणार? मी नाही ठेवलं, म्हणून तर सांगतोय.

मेणबत्ती: तुम्ही दोघं भांडताय, पण माझा RSI कुठल्याच पद्धतीने चार्टशी जुळत नाही. `ewm(span=14)` वापरते. चार्टवाले गुपचूप काहीतरी वेगळं करतात असं माझं स्पष्ट मत आहे.

जुना खलाशी: `span=14` म्हणजे वजन 2/15. RSI शोधणाऱ्या वाइल्डरचं वजन 1/14. `ewm(alpha=1/14, adjust=False)` लिहा.

मेणबत्ती: लिहिलं. जवळ आलं, पण अजून दीड अंकाचा फरक आहे. म्हणजे मी म्हणत होते त्यात तथ्य आहेच.

कोथरूडकर: किती बार देता?

मेणबत्ती: 50. चौदाच्या RSI ला पन्नास पुरेसे नाहीत? प्रत्येक गोष्टीत बाईचीच चूक काढायची का?

कोथरूडकर: बाई-पुरुष कुठून आलं इथे? 50 बारनंतर सुरुवातीच्या आकड्याचं वजन अजून अडीच टक्के उरतं. सुरुवात एखाद्या मोठ्या उडीवर झाली असेल तर तेवढं पुरतं. 100 द्या, ते 0.06 टक्क्यांवर येईल. 200 चा EMA तर 200 बारनंतरही सुरुवातीचं साडेतेरा टक्के ओझं वाहतो. खलाशीबुवा, "शेवटचे 200 बार घेऊन परत मोजा" म्हणणाऱ्या तुमच्या पंथातल्यांनाही हे सांगा.

जुना खलाशी: मी वर्षभराचे घेतो. पण हो, तसं करणारे पुष्कळ आहेत.

मेणबत्ती: 100 दिले. जुळला. चार्टवाल्यांनी हे कुठेतरी लिहायला हवं, एवढं मात्र म्हणणारच.

इचलकरंजीकर: माझा अनुभव. एक्सेलमधे दैनिक RSI ठेवतो, संध्याकाळी शेवटच्या मिनिटाचा भाव टाकून पुढची ओळ ओढतो. गेल्या वर्षी कितीतरी दिवस एक्सचेंजच्या रोजच्या भावप्रतीशी ताळा बसेना. सूत्रं दहादा तपासली. शेवटी कळलं की भावप्रतीतला बंद भाव हा शेवटचा सौदा नसतो, शेवटच्या अर्ध्या तासाची भारित सरासरी असते. रोज रुपया-दोन रुपयांचा फरक आणि मी तो पुढे पुढे वाहत होतो. तेव्हापासून रात्री भावप्रत आल्यावरच ओळ पक्की करतो. यात 70 च्या वर विकावं का, तेही कोणी सांगा.

नऊपंधरा: त्यासाठी वेगळा धागा काढा. कोथरूडकर, तुमचं `peek` आणि `close` काल लावलं. सकाळच्या पहिल्या तासात आधी जे अकरा क्रॉसओव्हर यायचे ते चारवर आले. म्हणजे माझं चुकलं होतं. कोड लिहू नये हे वाक्य मागे घेतो. पद्धत मात्र सोडणार नाही.

एक अडलंय. नेट तुटून परत आलं की 11:42 नंतर थेट 11:45 चा बार येतो. मधले दोन मागवून घ्यायचे, हे समजलं. पण कमी उलाढालीच्या शेअरमधे नेट चालू असतानाही 11:43 चा बार येतच नाही, कारण सौदाच झालेला नसतो. तिथे मागचा भाव धरून `close` करायचा की ते मिनिट सोडून द्यायचं?

जुना खलाशी: सोडून द्या. इतिहासातही तो बार नसतो, मग रात्रीचा ताळा बसेल.

कोथरूडकर: मी मागचा भाव धरतो. नाहीतर 9 मिनिटांचा EMA कधी 9 मिनिटांचा, कधी 40 मिनिटांचा होतो. ताळा घेताना इतिहासातही तसेच बार भरतो.

जुना खलाशी: म्हणजे न झालेले सौदे झाले असं धरता. मला नाही पटत.