मदत हवी आहे: घर दाखवताना ओलीचा डाग कधी दाखवावा?

मृदुला_२
आमचं घर विकायला काढलंय. रविवारी एक कुटुंब बघायला येणार आहे. बैठकीत उजेड भरपूर आहे, स्वयंपाकघर मोठं आहे. पण आतल्या खोलीत, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर परातीएवढा ओलीचा डाग आहे. पाइपचा सांधा गळत होता, तो तीन महिन्यांपूर्वी बदलला. डाग मात्र गेला नाही. लपवायचं नाहीये, पण दारातूनच रडगाणं कसं सुरू करू? कोणत्या क्रमाने फिरवू?

पंख्याखाली
रंग मारून टाका. एका दिवसाचं काम. सगळेच रंगवून विकतात.

गवंड्याचा_मुलगा
रंग द्यायला हरकत नाही, पण भिंत पूर्ण वाळल्यावर. आत ओल असेल तर काही आठवड्यांत फुगे येतील, पोपडे सुटतील. शिवाय एकाच भिंतीला ताज्या रंगाचा वास आला की बघणारा तिथेच हात लावून बघतो.

मृदुलाताई, आधी खात्री करा. डागावर वहीच्या पानाएवढा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर भिंतीत अजून पाणी आहे. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा. पाइप दुरुस्त केला तरी गिलावा वाळायला महिने लागतात, त्यामुळे नुसत्या डागावरून गळती चालू आहे की थांबली ते कळत नाही.

सावली
आम्ही भाड्याने देताना डागापुढे कपाट ठेवलं होतं, भाडेकरूने कधी विचारलंही नाही.

गवंड्याचा_मुलगा
भाड्याचं वेगळं. विकत घेणारा कपाट सरकवतो, आणि मग बाकीच्या घराबद्दलही तुमच्या शब्दावर भरवसा ठेवत नाही.

दार_उघडं
मी बरीच वर्षं घरं दाखवतेय. डागाबद्दल फोनवरच एका वाक्यात सांगा, म्हणजे दारात रडगाणं गावंच लागत नाही. बैठकीत ऊन येतं ती वेळ द्या. क्रम असा: बैठक, स्वयंपाकघर, मग डागाची खोली, शेवटी परत बैठक. डाग पहिला दाखवलात तर पुढचं काही दिसत नाही. शेवटी दाखवलात तर तोच मनात घेऊन लोक घरी जातात.

त्या खोलीत दिवा लावा, डागासमोरची जागा मोकळी ठेवा. काय गळत होतं, कधी दुरुस्त झालं एवढंच सांगा, प्लंबरचं बिल आणि जुन्या सांध्याचा फोटो हातात द्या. मग गप्प राहा. त्यांना भिंतीला हात लावू द्या. आपण घाबरून बोलत राहिलो की समोरच्याला संशय येतो.

मृदुला_२
प्लास्टिक आत्ताच लावलं. आतून थेंब आले तर रविवारची भेट पुढे ढकलू?

दार_उघडं
मी ढकलणार नाही. प्लास्टिक तसंच ठेवून दाखवेन.

गवंड्याचा_मुलगा
मी ढकलेन. थेंब आले तर कदाचित दुसरा सांधाही गळत असेल. आधी घरातले सगळे नळ रात्रभर बंद ठेवून मीटरचा आकडा बघा. पण तो सरकला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, सांडपाण्याच्या पाइपची गळती मीटरवर दिसत नाही.