विषय: पुन: दिवाळीची तिकिटे आणि खजिनदारांचा लॅपटॉप

प्रेषक: मिलिंद (खजिनदार)

सप्रेम नमस्कार,

ज्या ज्येष्ठ सभासदांनी धनादेश दिले आहेत, त्यांची तिकिटे मंडळाच्या कार्डावर मलाच काढायची आहेत. परंतु माझ्या क्रोममध्ये पैसे भरण्याचे बटण दाबले असता काहीच घडत नाही. सुरेशकाकांच्या सूचनेप्रमाणे मी काल रात्री chrome://extensions हे पान उघडून अकराही एक्स्टेन्शन्स एकेक करून बंद केली, दर वेळी पान रिफ्रेश करून पाहिले आणि उपयोग न झाल्यास ते पुन्हा चालू करून पुढचे बंद केले. तिकीट एकदाही निघाले नाही. इन्कॉग्निटोमध्येही नुसते चक्र फिरत राहते. सबब दोष एक्स्टेन्शनचा नसून तिकीटवाल्यांचा आहे, असे माझे मत झाले असून आज त्यांना तसे कळवतो.

प्रेषक: सुरेश

इन्कॉग्निटोमध्ये एक्स्टेन्शन्स चालतच नाहीत, त्यामुळे मिलिंद यांचा निष्कर्ष बरोबर आहे. आता सगळ्या कुकीज आणि कॅशे पुसून टाकावेत. सहलीच्या नोंदणीच्या वेळी माझे काम त्यानेच झाले होते, हे जुन्या सभासदांना आठवत असेल.

प्रेषक: अनघा

काका, कृपया एवढ्यात काही पुसायला सांगू नका, कारण मिलिंदजी सगळ्या साइट्समधून लॉगआउट होतील आणि कशाने फरक पडला हेही कळणार नाही. शिवाय ज्या एक्स्टेन्शनला Allow in Incognito ही परवानगी दिलेली असते, ते तिथेही चालते.

मिलिंदजी, तुमच्याच पत्रात दोन वेगळी लक्षणे आहेत: नेहमीच्या खिडकीत बटण निपचित पडते, तर इन्कॉग्निटोमध्ये ते दाबले जाते आणि चक्र फिरत राहते. काल एखादे एक्स्टेन्शन बंद केल्यावर असेच चक्र दिसले होते का? तसे असेल तर दोषी दोन आहेत. एक बंद केले तरी दुसरे आडवे येते आणि तुम्ही पहिले पुन्हा चालू करून पुढे जाता, म्हणून त्या रीतीने दोघेही निर्दोष ठरतात.

त्यामुळे उलट बाजूने यावे. अकराही एकदम बंद करा (काढून टाकू नका, कारण मग त्यांतल्या सेटिंग्जही जातील) आणि तिकिटाचे पान रिफ्रेश करा. तिकीट निघाले, तर एकेक चालू करत जा आणि ज्याने बिघडेल ते बंदच ठेवून पुढे चला. पहिला चोर सापडला म्हणून थांबू नका. सगळी बंद असूनही अडले, तरच नवे प्रोफाइल उघडा. तिथे मात्र आपल्या खात्याने साइन इन करू नका, नाहीतर सिंक होऊन सगळी एक्स्टेन्शन्स परत येतील. नव्या प्रोफाइलमध्ये चालले, तर जुन्या प्रोफाइलमधल्या कुकीज किंवा सेटिंग्जवर संशय घेता येईल. काकांचा उपाय त्या वेळी करू.

प्रेषक: शुभांगी

मी फायरफॉक्स वापरते. तिथे Help मधल्या Troubleshoot Mode ने सगळी ॲड-ऑन्स तात्पुरती बंद होतात, पण त्याच चौकटीत शेजारी Refresh Firefox असे बटण आहे आणि गेल्या वर्षी मी घाईत तेच दाबले. बुकमार्क आणि पासवर्ड राहिले, ॲड-ऑन्स मात्र सगळी गेली. तिकिटांच्या तक्रारी संकेतस्थळ समितीकडे याव्यात असे बैठकीत ठरले होते, याचीही या निमित्ताने आठवण करून देते.

प्रेषक: मिलिंद (खजिनदार)

शुभांगीताई, पुढच्या वेळी समितीकडेच येईन.

अनघाताई, सगळी बंद केल्यावर पहिल्याच प्रयत्नात तिकीट निघाले. एकेक चालू करत गेलो, तेव्हा चौथ्याने, म्हणजे जाहिराती अडवणाऱ्याने, चक्र फिरू लागले. त्याला इन्कॉग्निटोची परवानगीही मीच कधीतरी दिलेली निघाली. ते बंद ठेवून पुढे गेलो, तर नवव्याने, म्हणजे खरेदीच्या वेळी सवलतीची कूपने शोधणाऱ्याने, बटण निपचित झाले. काल नववे बंद केल्यावर बहुधा चक्र दिसले असावे, पण मी ‘चालत नाही’ एवढेच टिपले होते. आता चौथे फक्त तिकिटांच्या साइटपुरते बंद केले आहे आणि नवव्याला Details मध्ये जाऊन On click वर ठेवले आहे, म्हणजे त्यावर क्लिक केल्याखेरीज ते कोणत्याही पानाला हात लावणार नाही. तेवीस तिकिटे काढून झाली.

तरीही गणपतीच्या वेळी हीच दोन्ही चालू असताना तिकिटे निघत होती, हे मला उमगत नाही.

प्रेषक: सुरेश

कुकीज.

प्रेषक: अनघा

एक्स्टेन्शन्स न विचारता आपोआप अपडेट होतात आणि तिकीटवालेही आपले पान बदलतात, त्यामुळे मधल्या काळात कोण बदलले हे आता सांगता येणार नाही. मात्र काका, काल रात्रीपासून कुकीज कोणीही पुसलेल्या नाहीत.