ईटीसीओटू 18, सॅच्युरेशन 99. मॉनिटर बदलायला लावू का?

भूल_कोथरूड: छोट्या एंडोस्कोपी सेंटरमध्ये भुलीच्या केसेस बघते. काल कोलोनोस्कोपी चालू असताना ईटीसीओटू 18 वर आला, सॅच्युरेशन 99. सगळे म्हणाले, मॉनिटर बिघडलाय, अलार्म बंद करा. उद्या सकाळी पुन्हा लिस्ट आहे. लवकर सांगा.

नितीन_हडपसर: 18 म्हणजे पेशंट जोरजोरात श्वास घेतोय. भीतीने होतं असं. थोडं प्रोपोफॉल वाढवा.

जुनी_भूल: नितीन, थांबा! घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, तेव्हा 18 येऊ शकतो. इथे पेशंट झोपवलेला आहे. ताई, श्वास मिनिटाला किती होते? लाटेचा आकार कसा होता? ऑक्सिजन किती, कशातून?

रुग्णवाहिका_दादा: आमच्याकडे सीपीआर चालू असताना 18 आला तर छाती नीट दाबली जातेय असं धरतो. 10 च्या खाली गेला की दाबणारा बदलतो. अचानक 40 झाला तर नाडी बघतो. 18 चांगलाच आहे की.

जुनी_भूल: दादा, तुमचं बरोबर आहे, पण या पेशंटचं हृदय व्यवस्थित चालू होतं.

भूल_कोथरूड: श्वास 8. नेझल कॅन्युला, 4 लिटर. घोरत होता, वजन 90 च्या पुढे. लाटा बुटक्या, वर सपाट भागच नाही, मधेच रेघ आडवी. जबडा पुढे उचलला तर पुढच्याच श्वासाला आकडा 54!

जुनी_भूल: हे आधी सांगायचं ना! मॉनिटर ठीक आहे. श्वास उथळ झाला की घशातली, श्वासनलिकेतली हवाच आत-बाहेर होते. फुप्फुसातली सीओटूने भरलेली हवा कॅन्युलापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे आकडा खाली दिसतो आणि रक्तात सीओटू साठत जातो. वाट मोकळी झाल्यावर आलेला 54 हाच खऱ्याच्या जवळचा. ऑक्सिजन चालू असल्यामुळे सॅच्युरेशन बराच वेळ 99 दाखवत राहतं, त्यावर विसंबू नका. अशा वेळी डोस वाढवला असता तर श्वास थांबू शकला असता.

नितीन_हडपसर: पण 4 लिटर ऑक्सिजनने नमुना पातळ होतो, तोंडाने श्वास घेतला तरी आकडा पडतो. तेही कारण असेलच.

जुनी_भूल: असेल, मान्य. किती वाटा त्याचा, ते या आकड्यांवरून सांगता येणार नाही. पण नुसतं पातळ झालं असतं तर लाटा नियमित राहिल्या असत्या, मधे आडवी रेघ आली नसती. ताई, उद्या केसच्या आधी कॅन्युला स्वतःच्या नाकाला लावा, ऑक्सिजन बंद ठेवून तोंड मिटून श्वास घ्या. 35 ते 40 च्या आसपास आला की मशीन आणि नळी ठीक. मग श्वास रोखून धरा, अ‍ॅप्नियाचा अलार्म किती सेकंदांनी वाजतो ते बघा.

सोनाली_औंध: माझ्या वडिलांच्या सीपॅपवर सीओटू दिसत नाही. कुठलं मशीन घ्यावं?

जुनी_भूल: त्यासाठी वेगळा धागा काढा.

भूल_कोथरूड: सकाळी करून बघते. पण सर अलार्म बंदच ठेवायला सांगतात, त्यांना काय दाखवू?

जुनी_भूल: मॉनिटरच्या ट्रेंडमध्ये कालचा 18 ते 54 चा उडीचा भाग असेल. तोच दाखवा.