वीस जुने सर्व्हर, तीन होस्ट: विक्रेत्याचा हिशेब पुरेल का?

पणजीवाला: पणजीच्या ऑफिसात वीस जुने सर्व्हर आहेत, रॅम सगळी मिळून 320 जीबी, डेटा 6 टीबी. चवथीच्या सुट्टीत सगळं आभासी सर्व्हर चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सच्या तीन होस्टवर, म्हणजे तीन मोठ्या मशीनवर, आणि डेटा तिघांच्या डिस्क एकत्र वापरणाऱ्या सेफ या स्टोरेजवर न्यायचाय. विक्रेता म्हणतो, प्रत्येकी 128 जीबी रॅम, 3.84 टीबीच्या चार एसएसडी आणि जुनाच एक गिगाबिट स्विच. पुरेल का?

मापशेकर: आरामात. 128 त्रिक 384, तुमची 320. शिवाय जुन्या सर्व्हरांची निम्मी रॅम रिकामीच पडून असते. उरलेले पैसे यूपीएसवर घाला, पावसाळ्यात तेच कामाला येईल.

दर्यावर्दी: रिकामी असते हे खरं, पण बेरीज तीन होस्टची नाही, दोनची करायची. एक होस्ट बंद पडला की सगळे व्हीएम, म्हणजे आभासी सर्व्हर, उरलेल्या दोघांवर येतात. म्हणजे 256 जीबी. त्यातही सेफ प्रत्येक डिस्कमागे साधारण 4 जीबी घेतं, चार डिस्कचे 16. होस्टच्या स्वतःच्या कामाला 8 धरा. दोन होस्टचे 48 गेले, उरले 208.

आता खरा वापर मोजा, तोही महिनाअखेरीस आणि जीएसटी रिटर्नच्या दिवसांत. लिनक्सवर `free -h` मधल्या `total` मधून `available` वजा करा. एसक्यूएल सर्व्हरचा आकडा मात्र जसाच्या तसा घेऊ नका. मर्यादा घातली नसेल तर तो मिळेल तितकी रॅम धरून बसतो.

पणजीवाला: मोजून आलो. ऐन गर्दीत 190. सर्वात मोठा अकाउंट्सचा डेटाबेस, 32 जीबी.

मापशेकर: मग 208 मध्ये 190 बसले की!

दर्यावर्दी: बेरजेत बसले, मापशेकर. पण व्हीएम अर्धा इकडे, अर्धा तिकडे ठेवता येत नाही. बाकीचे 158 वाटून दोन्ही होस्टवर पंचवीस-पंचवीस जीबी मोकळे उरले तर 32 जीबीचा व्हीएम कुठेच बसत नाही. आणि रेटून सुरू केला तर रॅम संपते आणि होस्टचं कर्नल एक अख्खा व्हीएम मारतं. `journalctl -k` मध्ये `Out of memory: Killed process` आणि पुढे `kvm` दिसलं की तेच झालंय समजा. प्रत्येकी 192 घ्या. एक होस्ट गेला तरी 336 उरतात, दोन-तीन वर्षांची वाढ त्यात जिरते.

शेवंती: आमच्या वास्कोच्या ऑफिसात इंटरनेट 200 एमबीपीएसचं आहे, कुणाची तक्रार नाही. मग एक गिगाबिट कमी कसं पडेल?

दर्यावर्दी: ताई, इथे इंटरनेटचा प्रश्नच नाही. सेफ प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवतं, तीन होस्टवर एकेक. फाइल सेव्ह झाली की तिच्या दोन प्रती लगेच होस्टांमधल्या तारेवरून जातात. एखादा होस्ट नव्याने भरायचा तर अख्खे 6 टीबी त्याच तारेने येणार. एक गिगाबिटमधून सेकंदाला जेमतेम 110 एमबी जातात, म्हणजे पंधरा तास, आणि तोवर ऑफिसचं काम त्याच तारेवर रखडत.

त्याहून वाईट म्हणजे क्लस्टरचे आपसातले निरोपही त्याच तारेवर असतात. ते अडकले की होस्टला वाटतं आपण एकटे पडलो, आणि एचए, म्हणजे पडलेल्या होस्टचे व्हीएम दुसरीकडे आपोआप सुरू करण्याची सोय, चालू असेल तर तो स्वतःला रीबूट करतो. `journalctl -u corosync` मध्ये `Retransmit List` वारंवार दिसायला लागलं की धोका जवळ आलाय. स्टोरेजला निदान 10 गिगाबिट हवंच. होस्ट तीनच आहेत, तेव्हा दोन पोर्टची कार्डं घेऊन एकमेकांना थेट तारा जोडा, महागडा स्विच नको. जुना गिगाबिट स्विच क्लस्टरच्या निरोपांसाठी वेगळा ठेवा.

मापशेकर: नेटवर्कचं पटलं. पण डिस्क तरी जास्त आहेत ना? 15 टीबी वापरायला मिळतात, डेटा 6.

दर्यावर्दी: 15 दिसतात, पण भरायच्या नाहीत. एक एसएसडी मेली की तिच्यावरच्या प्रती त्याच होस्टच्या उरलेल्या तीन डिस्कवर पुन्हा बनतात, कारण इतर दोन होस्टवर आधीच एकेक प्रत आहे. त्या तीन डिस्क 85 टक्क्यांवर गेल्या की सेफ इशारा द्यायला लागतं. म्हणून आधीच साडेनऊच्या पुढे जाऊ नका. आजच्या 6 टीबीला पुरेल, या बाबतीत विक्रेता बरोबर आहे. फक्त एसएसडी वीज गेल्यावर डेटा वाचवणाऱ्या, सर्व्हरच्याच घ्या.

कुळागर: मला हा सगळा खटाटोपच पटत नाही. फोंड्यात आम्ही दोन होस्टवर झेडएफएस ठेवलंय, प्रत्येकाचं स्टोरेज स्वतःच्याच डिस्कवर, दर पंधरा मिनिटांनी डेटा दुसऱ्यावर जातो. दोघांचा संपर्क तुटला तर कुणी चालू राहायचं याचं तिसरं मत द्यायला एक छोटं मशीन. सेफ शिकलेला माणूस ऑफिसात नसेल तर बिघाडाच्या दिवशी कुणाला बोलावणार?

दर्यावर्दी: फाइल आणि प्रिंट सर्व्हरसाठी मीही तेच करेन. पण अकाउंट्सची पंधरा मिनिटं गेली तर त्या नोंदी पुन्हा कोण घालणार?

कुळागर: आमच्याकडे घालतात. कागद असतो.

पणजीवाला: आमच्याकडे बऱ्याच नोंदींना कागदच नसतो. 192 आणि 10 गिगाबिट नक्की करतो. सेफ की झेडएफएस, हे मात्र अकाउंट्सवाल्यांशी बोलूनच ठरवेन.